फ्लॅट ताईला, सोनं भावाला: वरुड तालुक्यातल्या एका वाटणीचा हिशेब

हे प्रकरण अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यातलं. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, त्या घराचा ना नातेवाईक ना वकील. गुरुजींची खाती वर्षानुवर्षं माझ्या शाखेत होती, एवढीच ओळख. ते गेल्यावर मुलांनी "काका, हिशेब तुम्ही धरा" म्हणून बोलावलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि बेरजा डोक्यात बसाव्यात म्हणून आकडे गोल केले आहेत. आकड्यांचं आपसातलं प्रमाण मात्र खरं आहे.

## पार्श्वभूमी

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. जानेवारी २०२४ मध्ये गेले. मृत्युपत्र केलं नव्हतं. मागे आई, थोरला मुलगा, मधली मुलगी आणि धाकटा मुलगा. थोरला गावातच शेती करतो, आई त्याच्याकडे राहते. ताई मोर्शीकडे दिलेली, तिच्या घरी संत्र्याची बाग. धाकटा पुण्यात नोकरीला.

वडिलोपार्जित शेत काही वर्षांपूर्वीच दोन भावांत वाटून झालं होतं. ताईनं तेव्हा काही न घेता हक्कसोडपत्रावर सही केली होती. पुढच्या सगळ्या बैठकांत हा विषय कोणी काढला नाही, पण तो ओसरीवर बसलेलाच असायचा.

आता उरलं होतं ते गुरुजींचं स्वकष्टाचं: मुलांच्या शिक्षणासाठी २००९ मध्ये अमरावतीत घेतलेला दोन खोल्या-हॉलचा फ्लॅट, बँकेतल्या ठेवी, आणि कपाटातला सोन्याचा डबा. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम ८ आणि १० प्रमाणे आई आणि तिन्ही मुलं, असे चार वारस आणि चार सारखे वाटे. गावात मात्र सगळे तीनच वाटे धरून बोलत होते. आईसुद्धा. "मले पैशाचं काय करा लागते? तुम्हीच घ्या वाटून," असं ती पहिल्याच बैठकीत म्हणाली. मी वहीत चार रकाने पाडले आणि चौथ्यावर "आई" लिहिलं. तिला नंतर कोणाला द्यायचं असेल तर ती देईल, पण आधी तो तिचा म्हणून दिसला पाहिजे.

## अडचण कुठे होती

भावांच्या मनात वाटणी ठरलेली होती: फ्लॅट दोघांत, सोनं ताईला, ठेवी आईच्या नावानं थोरल्याकडे. आपल्याकडे असंच चालतं, मुलीला डबा आणि मुलाला दार. पण ताईनं पहिल्याच दिवशी सांगितलं की तिला सोनं नको, फ्लॅट पाहिजे. तिची दोन्ही मुलं अमरावतीला कॉलेजात होती आणि त्याच फ्लॅटमध्ये राहत होती.

फ्लॅट तर एका वाट्याच्या दुपटीहून मोठा. म्हणजे जो तो घेईल त्याला बाकीच्यांना फरकाची रक्कम द्यावी लागणार. मग किंमत किती धरायची, सोनं किती भरतं, ठेवी नक्की कोणाच्या आणि फरकाची रक्कम न आल्यास काय, हे प्रश्न एकामागून एक आले.

## आधी ढीग ठरवणं

किंमत लावण्याआधी वाटायचं काय आहे ते ठरवावं लागतं. इथे बहुतेक घरं घाई करतात.

डबा उघडला तेव्हा मी आईला म्हटलं, तुमचं आधी बाजूला काढा. मंगळसूत्र, माहेरच्या पाटल्या, नथ, आणि गुरुजींनी तिला वेळोवेळी केलेले दागिने तिनं पदरात घेतले. ते तिचं स्त्रीधन, गुरुजींच्या मालमत्तेत ते येतच नाही. डब्यात आहे म्हणजे बापाचं, हा समज मी कितीतरी घरांत पाहिला आहे, आणि म्हातारीच्या अंगावरचंही मग वजनकाट्यावर चढतं. उरलं ते आजीच्या पाटल्यांची जोडी, एक एकदाणी, हॉलमार्कचा गोफ आणि वेतन आयोगाच्या थकबाकीतून घेतलेली दहा-दहा ग्रॅमची पाच नाणी.

ठेवींवर नामनिर्देशन धाकट्याच्या नावाचं होतं. त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं की बाबांनी ते पैसे त्याला दिले. मी बँकेत आयुष्य घालवलं तरी घरच्या माणसाला हे सांगणं अवघड असतं. नामनिर्देशित माणूस बँकेकडून पैसे उचलतो, म्हणजे बँक मोकळी होते. पैशाची मालकी वारसांचीच राहते. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये बँक ठेवींबाबत हे स्पष्ट सांगितलेलं आहे. धाकटा दोन दिवस गप्प होता. मग त्यानंच फोन करून विचारलं, "मग मी काढून आईच्या खात्यात टाकू का?" मी म्हटलं, काढ, पण वाटणीचा कागद होईपर्यंत वेगळ्या खात्यात ठेव.

ठेवी मुदतीआधी मोडाव्या लागल्या. ठेवीदाराच्या मृत्यूमुळे मोडल्या म्हणून दंड लागला नाही, पण व्याज करारातलं न मिळता जितका काळ ठेव राहिली त्या काळाच्या दरानं मिळालं. पावत्यांवरच्या मुदतअखेरच्या रकमा जोडून धाकट्यानं १४,९२,००० काढले होते, खात्यात आले १४,४०,०००. हिशेबात खात्यात आलेला आकडाच घेतला.

मग वजाबाकी. शेवटच्या आजारात दवाखान्याचे २,०६,००० थोरल्यानं स्वतः भरले होते, पावत्या होत्या. ते मालमत्तेवरचं देणं, वाटणीआधी वजा झालं. तेरवीचा खर्चही त्यात घालावा असं वहिनींचं म्हणणं होतं. त्यावर चर्चा लांबली, शेवटी थोरल्यानंच सोडून दिला.

## फ्लॅटची किंमत

तीन आकडे टेबलावर आले. रेडी रेकनरप्रमाणे २२ लाखांच्या थोडं वर. धाकट्यानं अमरावतीच्या दलालाला विचारून आणलेले ३३ लाख. आणि नोंदणीकृत मूल्यांककाचे २८ लाख.

घेणाऱ्याला २२ खरे वाटतात, सोडणाऱ्याला ३३. म्हणून आकड्यावर भांडण्याऐवजी तो कसा आला ते पाहिलं. रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्कासाठी सरकारनं ठरवलेला दर. तो त्या भागासाठी असतो, त्या फ्लॅटसाठी नव्हे. दलालानं ९२० चौरस फुटांना ३,६०० चा दर लावला होता. हे ९२० म्हणजे जिना, व्हरांडा धरून बिल्डरनं विक्रीच्या वेळी सांगितलेलं क्षेत्र. आतून मोजलेलं चटई क्षेत्र होतं ६४०. शिवाय तो दर लिफ्ट असलेल्या नव्या इमारतींचा. मूल्यांककानं त्याच इमारतीतल्या एका फ्लॅटची अलीकडची नोंदलेली विक्री सूची क्रमांक २ मधून काढली. दुसरा मजला, तेवढंच क्षेत्र, २९ लाख. गुरुजींचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, इमारत पंधरा वर्षांची. चटई क्षेत्राला चौरस फुटामागे ४,३७५ धरून त्यानं २८ लाख काढले.

धाकटा तरी ३३ वर अडून होता. तेव्हा किमतीबद्दल आई पहिल्यांदा बोलली: "मंग तूच घे तेहतीसले." तो हसला आणि विषय संपला. मूल्यांककाचा अहवाल बारा पानांचा होता, पण काम या एका वाक्यानं केलं. ज्या किमतीला तुम्ही स्वतः घ्यायला तयार नाही ती किंमत दुसऱ्यावर लादता येत नाही. हाच प्रश्न मी ताईलाही उलटा विचारला होता, की २२ ला भाऊ घ्यायला तयार झाला तर सोडशील का. तीही नाही म्हणाली.

## सोनं: तोळा, कस आणि भाव

आजीच्या पाटल्या घरात "पाच तोळ्याच्या" म्हणून प्रसिद्ध. काट्यावर भरल्या ५८.३ ग्रॅम. ताईला वाटलं काटा चुकतोय, कारण पाच तोळे म्हणजे पन्नास ग्रॅम. आजीचा तोळा जुना होता, ११.६६ ग्रॅमचा. आजचा सराफ्यातला तोळा दहाचा. जुन्या वहीतल्या तोळ्यांवरून वाटणी केली तर इथेच गडबड होते.

पण वजन जास्त भरलं म्हणून सोनं जास्त असं नाही. पाटल्यांचा कस निघाला ८४ टक्के, म्हणजे शुद्ध सोनं ४९ ग्रॅमला थोडं कमी. एकदाणीचं वजन ३१.५ ग्रॅम, पण तिच्या पोकळ मण्यांत लाख भरलेली. सराफानं एक मणी उघडून आतली लाख तोलली आणि मण्यांच्या संख्येवरून, दोऱ्यासह, ९ ग्रॅम वजा केले. उरलेल्या २२.५ ग्रॅमचा कस ८८, शुद्ध १९.८. गोफ २३.२ ग्रॅम, हॉलमार्क ९१६, शुद्ध २१.२५. तिन्ही दागिने मिळून ९० ग्रॅम शुद्ध, आणि नाण्यांचे ५०. एकूण १४०.

कस दोन दुकानांत पाहिला, आणि ते बरं झालं. पहिल्या सराफानं पाटल्यांना ८० सांगितलं होतं. विचारल्यावर कळलं की तो आम्हाला विकणारे समजून बोलत होता आणि वितळवण्यातली घट व स्वतःचा नफा आधीच कापून सांगत होता. दुसऱ्याकडे "विकायचं नाही, फक्त तपासायचं आहे" असं आधी सांगितलं आणि तपासणीचे पैसे दिले. तिथे यंत्रावरही पाहिलं आणि कसोटीवरही, कारण यंत्र वरच्या थरातलंच वाचतं, आणि जुन्या दागिन्याला सांध्यापाशी डाग दिलेला असतो तिथे आकडा वेगळा येतो. घडणावळ आणि जीएसटी कशातच धरला नाही. मोडीत ते दोन्ही परत येत नाहीत.

२० जुलै २०२४ ला मी कच्चा हिशेब मांडला. शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला ७,३०० होता. सोनं १०,२२,०००, एकूण ५२,६२,०००, देणं वजा जाता ५०,५६,०००, प्रत्येकी १२,६४,०००. सगळे खूश. तीन दिवसांनी, २३ जुलैला, केंद्रीय अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ वर आलं आणि भाव धाडकन खाली आला. नाणी धाकट्याच्या आणि दागिने थोरल्याच्या वाट्याला ठरले होते, थोरल्याच्या मुलीचं लग्न जवळ आलेलं. संध्याकाळी थोरल्याचा फोन: "काका, सोनं त पडलं न. मी त्रेहत्तरनं काऊन घेऊ?"

त्याचं बरोबर होतं. भाव ७,३०० वर गोठवला असता तर ग्रॅममागे ४०० ची घट ९० ग्रॅमवर थोरल्याला ३६,००० आणि ५० ग्रॅमवर धाकट्याला २०,००० पडली असती, आई आणि ताई कोरड्या राहिल्या असत्या. नियम मी आधीच लिहायला हवा होता, तो तेव्हा लिहिला: ज्या दिवशी सोनं हातात पडेल त्या दिवसाचा भाव, तोच हिशेबाचा भाव. तोवर सोनं चौघांचं, चढ-उतारही चौघांचा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सराफाच्या दुकानात चौघांसमोर सोनं दिलं, भाव ६,९००. सोन्याची किंमत ९,६६,०००, निव्वळ मालमत्ता बरोबर ५० लाख, वाटा १२,५०,०००. कच्च्या हिशेबापेक्षा प्रत्येकाचे सारखेच १४,००० कमी झाले. महिनाअखेर दस्ताच्या दिवशी भाव परत थोडा चढला होता. तेव्हा कोणी काही बोललं नाही, कारण नियम आधी लिहिलेला होता.

## पुढे ठेवलेले पर्याय

फ्लॅट विकून रोख वाटावी, हा सगळ्यांत सोपा मार्ग. पण ताईच्या मुलांचं वर्ष मध्येच होतं आणि घाईत विकला तर २८ येतील याची खात्री नव्हती. चौघांच्या नावानं ठेवून भाडं वाटावं, असं धाकट्याचं मत. मी त्याला विरोध केला. राहणार ताईची मुलं, भाडं मागणार भाऊ, घरपट्टी भरणार कोण, आणि दहा वर्षांनी चौघांच्या जागी अकरा वारस. वाटणी होत नाही, पुढच्या पिढीवर ढकलली जाते.

उरला तिसरा: फ्लॅट ताईला, तिनं फरकाचे १५,५०,००० द्यायचे. तिच्याकडे तेवढे नव्हते. ४ लाख स्वतःची बचत, साडेपाच लाख स्वतःच्या सोन्यावर बँकेचं कर्ज, असे साडेनऊ लाख लगेच. उरलेले ६ लाख संत्रा निघाल्यावर.

## कागद कोणता करायचा

हाच या प्रकरणातला सर्वांत नाजूक टप्पा. तालुक्याच्या ठिकाणी एका जाणकारानं सल्ला दिला: आई आणि दोन्ही भावांनी ताईच्या नावे बिनमोबदला हक्कसोडपत्र करून द्यावं, नाममात्र मुद्रांकात भागतं, पैशांचं घरच्या घरी पाहून घ्या. ऐकायला गोड. पण मोबदला घेऊन हक्क सोडला तर त्यावर विक्रीखतासारखा मुद्रांक लागतो. म्हणजे कागदावर "काही घेतलं नाही" असं खोटं लिहायचं आणि मागून चेक द्यायचे. खोट्याचा प्रश्न आहेच. पण मी धाकट्याला वेगळंच विचारलं. सहा लाख बाकी असताना तूच सही करून देणार की मला काही नको. उद्या ताईला काही झालं आणि तिच्या घरच्यांनी तो कागद दाखवला, तर तू कशाच्या आधारावर मागशील?

त्यानं लगेच मान हलवली. ताईच्या चेहऱ्यावर मात्र मला वेगळंच दिसलं. शेताच्या वेळी तिनं नेमका तसाच कागद करून दिला होता.

त्याऐवजी वाटणीपत्र केलं. त्यात फ्लॅट, सोनं, ठेवी, दवाखान्याचं देणं, सगळं किमतींसह लिहिलं आणि फरकाची रक्कम कोणी कोणाला किती, कधी द्यायची तेही. वाटणीपत्राचा मुद्रांक विक्रीपेक्षा बराच कमी असतो, कारण सर्वांत मोठा वाटा मूळ समजून बाजूला राहतो आणि वेगळ्या निघालेल्या वाट्यांवरच आकारणी होते. आकारणीबद्दल नंतर आक्षेप नको म्हणून मसुदा आधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे मुद्रांक किती लागतो ते ठरवून घेण्यासाठी, दिला. खर्च चौघांत विभागला. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात दस्त नोंदला गेला.

वाटणी अशी झाली:

- आई: ठेवींतून १२,५०,०००, तिच्या एकटीच्या नावे.
- ताई: फ्लॅट २८,००,०००, त्यातून फरकाचे १५,५०,००० देणं.
- थोरला: दागिने ६,२१,०००, ताईकडून ६,२९,०००. शिवाय दवाखान्याचे परत: ठेवींतले उरलेले १,९०,००० आणि ताईकडून १६,०००.
- धाकटा: नाणी ३,४५,०००, ताईकडून ९,०५,०००.

थोरल्याला लग्नासाठी पैसा लगेच हवा होता, म्हणून साडेनऊ लाखांतून त्याचे ६,४५,००० आधी दिले आणि ३,०५,००० धाकट्याला. राहिलेले सहाही लाख एकट्या धाकट्याचे. पगारदार माणूस थांबू शकतो, आणि घेणेकरी एकच असला की हिशेब सोपा राहतो. थोरल्याला त्याचे पैसे रोख हवे होते. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, म्हणून सगळं खात्यातून गेलं.

सहा लाखांवर सालाना ७ टक्के सरळ व्याज, तेव्हाच्या मुदत ठेवीच्या आसपासचं. "बहिणीकडून व्याज घेऊ?" असं धाकटा म्हणाला. मी म्हटलं, ठेवीत ठेवले असते तर घेतलं असतंस ना, मग नंतर माफ कर, पण कागदावर राहू दे. हप्ते बागेच्या हिशेबानं ठरवले: ३ लाख डिसेंबरअखेर आंबिया बहाराच्या पैशातून, ३ लाख मार्चअखेर मृग बहाराच्या. पूर्ण रक्कम फिटेपर्यंत फ्लॅटवर धाकट्याचा बोजा, तोवर विक्री किंवा गहाण नाही, हे कलम दस्तातच घातलं.

## काय झालं

त्या वर्षी ताईच्या बागेत फळगळ झाली. डिसेंबरमध्ये तिनं ३ लाखांऐवजी १,८०,००० दिले आणि फोनवर रडली. बोज्यामुळे धाकट्याला घाबरायचं कारण नव्हतं, व्याजामुळे ताईला मिंधं व्हायचं कारण नव्हतं. मार्चमध्ये ३ लाख आले, जूनमध्ये उरलेले १,२०,०००. व्याज ठरल्यापेक्षा ४,२०० जास्त झालं, एकूण २३,४५०. धाकट्यानं व्याज घेतलं आणि दिवाळीत भाचीला लॅपटॉप दिला. मग बोजा उतरवल्याची पावती नोंदवली. आखिव पत्रिका आणि महापालिकेच्या घरपट्टीवर ताईचं नाव लागलं.

धाकट्यानं नाणी मात्र ऑगस्ट २०२४ मध्येच विकून टाकली होती. एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाला भिडला तेव्हा त्यानं मला फक्त एक फोटो पाठवला, वर्तमानपत्रातल्या भावाचा. खाली काही लिहिलं नव्हतं.

## आज पुन्हा करायचं झालं तर

भावाचा नियम आधी लिहीन, सोन्याची मोड काढण्याच्याही आधी. अर्थसंकल्प तीन दिवसांवर असताना मी भाव गोठवलेला हिशेब लोकांच्या हातात दिला ही माझी चूक. थोरला समजूतदार म्हणून निभावलं.

आजीच्या पाटल्यांबद्दल मला अजून खात्री नाही. ताईलाही त्या हव्या होत्या. आई म्हणाली, नातीच्या लग्नात जाऊ दे, आणि ताई गप्प बसली. पाटल्यांना आम्ही मोडीची किंमत लावली, पण दोन जणांना तीच वस्तू हवी असेल तर तिची किंमत मोडीपेक्षा जास्त असते. दोघांना बंद चिठ्ठीत आकडा लिहायला सांगितला असता, जास्त आकड्याला पाटल्या दिल्या असत्या आणि वाढलेली रक्कम चौघांच्या ढिगात टाकली असती, तर ताईच्या सोडण्याला निदान किंमत मिळाली असती. आईच्या शब्दापुढे मला ते सुचलं नाही.

आणि आत्या. पाटल्या मुळात आजीच्या, म्हणजे आजीनंतर गुरुजी आणि आत्या दोघांच्या. आत्याला तेव्हा तिचं दिलं होतं असं सगळे म्हणाले, आत्यानंही फोनवर तेच सांगितलं. पण दस्ताला तिची संमती जोडायला हवी होती. एका पानाचं काम, राहून गेलं.

आईची ठेव करताना बँकेतल्या बाईनं पुन्हा विचारलं, नामनिर्देशन कोणाचं? तेव्हा एकच नाव चालायचं, म्हणून ते रिकामंच ठेवलं आणि मृत्युपत्र करू म्हटलं. ते अजून झालेलं नाही. पण १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीवर चार जणांपर्यंत नावं टक्केवारीसह देता येऊ लागली, तेव्हा मी आईला परत घेऊन गेलो. तिन्ही मुलांची नावं लिहिली. टक्के भरताना बाई म्हणाली, तेहतीस, तेहतीस आणि चौतीस. चौतीस कोणाला?

आईनं माझ्याकडे पाहिलं. "टाक चिठ्ठी," म्हणाली.